एक्सेलमधला एक्सआयआरआर: एकाच फाइलचं घरी एक उत्तर, ऑफिसात दुसरं

तक्रार साधारण अशी असते. म्युच्युअल फंडात अधूनमधून घातलेल्या आणि काढलेल्या पैशांच्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटमधून वेचून एका सीएसव्ही फाइलमध्ये ठेवल्या आहेत. ठाण्यात पाचपाखाडीतल्या घरच्या संगणकावर फाइल उघडून एक्सआयआरआर, म्हणजे वेगवेगळ्या तारखांना घातलेल्या-काढलेल्या पैशांवर पडणारा वार्षिक परताव्याचा दर, काढला की १२.५१ टक्के येतात. तीच फाइल ऐरोलीतल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडून तेच सूत्र लिहिलं की `#VALUE!` येतं. शेवटच्या ओळीतली तारीख पुन्हा टाइप केली की एरर जातो, पण आता उत्तर येतं १३.०६ टक्के. एकही रक्कम बदललेली नाही, सूत्रही तेच आहे.

यातलं १२.५१ खरं आहे. १३.०६ चुकीचं आहे, आणि ते `#VALUE!` पेक्षा जास्त घातक आहे, कारण ते पटण्यासारखं दिसतं. ही गडबड तारखांची आहे. एक्सआयआरआर चुकण्याच्या कारणांमध्ये आपल्याकडे हे कारण सर्वात जास्त वेळा सापडतं, म्हणून आधी तेच नीट उलगडू. बाकीची दोन-तीन कारणं त्यानंतर.

नमुन्याची शीट

फाइलमध्ये सहा ओळी आहेत. A स्तंभात तारीख, B स्तंभात रक्कम. खिशातून गेलेले पैसे उणे, खिशात आलेले पैसे अधिक.

```
     A            B
2    05/04/2021   -100000
3    10/11/2021    -50000
4    07/02/2022   -150000
5    12/09/2023     80000
6    03/06/2024    -40000
7    31/03/2025    400000
```

पाचव्या ओळीतले ८०,००० सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी भरायला काढले होते. सातव्या ओळीत पैसे प्रत्यक्ष हातात आलेले नाहीत. ते ३१ मार्च २०२५ रोजीचं फंडाचं मूल्य आहे. त्या दिवशी सगळं विकलं असतं तर मिळालं असतं ते. ही ओळ घातलीच पाहिजे. ती नसेल तर एक्सेलच्या दृष्टीने ३,४०,००० गेले आणि फक्त ८०,००० आले, आणि उत्तर मोठ्या तोट्याचं येतं किंवा येतच नाही.

सूत्र एवढंच:

```
=XIRR(B2:B7,A2:A7)
```

ज्या पेशीत हे लिहिलं तिला टक्केवारीचा फॉरमॅट द्या आणि दोन दशांश दाखवा. तारखा बरोबर वाचल्या गेल्या असतील तर उत्तर १२.५१ टक्के.

घरगुती हिशेबाने याच आकड्यांचं उत्तर बरंच कमी येतं. एकूण घातले ३,४०,०००, एकूण मिळतात ४,८०,०००, नफा १,४०,०००, म्हणजे ४१.१८ टक्के. त्याला जवळपास चार वर्षांनी भागलं की १०.३ टक्के. चक्रवाढीने काढलं तर ९.०३ टक्के. दोन्ही हिशेब धरून चालतात की ३,४०,००० पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत कामाला लागले होते. प्रत्यक्षात शेवटचे ४०,००० फक्त ३०१ दिवस आत होते, आणि ८०,००० दीड वर्ष आधीच बाहेर पडले होते. एक्सआयआरआर प्रत्येक रकमेला ती जेवढे दिवस आत होती तेवढेच दिवस मोजतो. पहिल्या तारखेपासूनचे दिवस मोजून त्यांना ३६५ ने भागतो, आणि असा एक वार्षिक चक्रवाढ दर शोधतो की त्या दराने सगळ्या रकमा पहिल्या तारखेला आणून ठेवल्या तर बेरीज शून्य व्हावी.

म्हणजे सगळा हिशेब दिवसांवर उभा आहे. तारीख हलली की दर हलतो, आणि एक्सेलला तारीख हलली आहे हे कळायचा काही मार्ग नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काय होतं

महापे, ऐरोली, वाशीतल्या अनेक ऑफिसांमधले लॅपटॉप कंपनीने अमेरिकी प्रादेशिक सेटिंगवर ठेवलेले असतात. त्या सेटिंगमध्ये तारीख महिना, दिवस, वर्ष अशा क्रमाने वाचली जाते. सीएसव्ही फाइलमध्ये तारीख ही नुसती अक्षरं असतात. तिची खरी तारीख एक्सेल फाइल उघडताना बनवतं, आणि ती ज्या संगणकावर उघडली त्याच्या सेटिंगप्रमाणे बनवतं.

म्हणून ०५/०४/२०२१ हे ५ एप्रिल न होता ४ मे होतं. १०/११/२०२१ हे १० नोव्हेंबर न होता ११ ऑक्टोबर होतं. ७ फेब्रुवारीचा २ जुलै होतो, १२ सप्टेंबरचा ९ डिसेंबर आणि ३ जूनचा ६ मार्च. शेवटची ३१/०३/२०२५ मात्र अडकते, कारण एकतिसावा महिना नसतो. एक्सेल तिला तारीख बनवूच शकत नाही आणि मजकूर म्हणून तशीच सोडतं. एक्सआयआरआरला तारखांमध्ये मजकूर सापडला की तो `#VALUE!` देतो.

आता माणूस काय करतो? एरर शेवटच्या ओळीमुळे आहे हे त्याला कळतं. तो तिथे `31-Mar-2025` टाइप करतो. ती एक तारीख बरोबर होते, एरर जातो, आणि आधीच्या पाच चुकलेल्या तारखा तशाच राहतात. या उदाहरणात उलटलेल्या तारखासुद्धा चढत्या क्रमानेच आहेत, त्यामुळे नजरेलाही काही खटकत नाही. त्यातून १३.०६ टक्के येतात.

एररची ओळ दुरुस्त करणं म्हणजे दुखणं दिसत होतं ती एकच जागा झाकणं. `#VALUE!` आलं तर एक तारीख मजकूर आहे एवढंच ते सांगतं. उरलेल्या तारखा बरोबर आहेत असं ते सांगत नाही. उलट, एक जरी तारीख मजकूर राहिली असेल तर बाकीच्या बहुधा उलटल्या आहेत, असंच गृहीत धरावं.

एसआयपी असेल तर हा घोटाळा आणखी वाढतो. एसआयपीच्या तारखा बहुतेकांनी ५, ७ किंवा १० ठेवलेल्या असतात, म्हणजे सगळ्याच बाराच्या आत. २०२४ मध्ये दर महिन्याच्या ५ तारखेला १०,००० गेले असं धरा. अमेरिकी सेटिंगवर ०५/०१/२०२४ म्हणजे १ मे, ०५/०२/२०२४ म्हणजे २ मे, आणि असं करत ०५/१२/२०२४ म्हणजे १२ मे. वर्षभरात पसरलेले बारा हप्ते मे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत गोळा होतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी मूल्य १,२५,००० असेल तर खरा एक्सआयआरआर ७.९५ टक्के आहे. उलटलेल्या तारखांनी तो ६.४५ टक्के दिसतो. पहिल्या उदाहरणात उत्तर फुगलं होतं, इथे आटलं. चूक कुठल्या बाजूला जाईल याचा काही नेम नाही, म्हणून अंदाजाने एवढे कमी किंवा जास्त करून घेण्याचा उपाय चालत नाही.

ओळखायचं कसं

पहिली खूण म्हणजे पेशीतली बाजू. मुद्दाम बदलली नसेल तर खरी तारीख पेशीत उजवीकडे टेकते आणि मजकूर डावीकडे. स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या तर तिथेच थांबा.

पण सगळ्या उजवीकडे आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण उलटलेली तारीखसुद्धा खरी तारीखच असते. तिच्यासाठी बाजूच्या रिकाम्या स्तंभात हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=TEXT(A2,"dd-mmm-yyyy")
```

यात महिना नावाने दिसतो. आता ही यादी आणि स्टेटमेंट शेजारी ठेवून पहिल्या तीन-चार ओळी ताडून पाहा. पहिली ओळ `05-Apr-2021` असायला हवी. `04-May-2021` दिसली तर निदान झालं. या स्तंभात एखादी ओळ महिन्याच्या नावाशिवाय, मुळात होती तशीच `31/03/2025` दिसली, तर ती मजकूर आहे.

ताडून पाहायला स्टेटमेंट हाताशी नसेल तर A2 चा फॉरमॅट थोडा वेळ `General` करा. एक्सेल तारखा आतून क्रमांकांनी ठेवतं. ५ एप्रिल २०२१ चा क्रमांक ४४२९१ आहे, ४ मे २०२१ चा ४४३२०. क्रमांक न दिसता तारीखच दिसत राहिली, तर तीही मजकूर आहे.

फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या संस्थांच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये महिना इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे तिथून घेतलेल्या तारखांना हा धोका फारसा नाही. धोका बँकेच्या फाइलींमध्ये आणि हाताने टाइप केलेल्या तारखांमध्ये आहे.

दुरुस्ती

सर्वात स्वच्छ उपाय म्हणजे फाइल डबल क्लिकने न उघडता आत आणणं. कोरी शीट उघडा. `Data` टॅबमध्ये `From Text/CSV` निवडा, फाइल दाखवा आणि खाली `Transform Data` वर क्लिक करा. उजवीकडे पायऱ्यांची यादी दिसते. त्यात `Changed Type` नावाची पायरी एक्सेलने आपणहून घातलेली असते, आणि तिने तारखा अमेरिकी पद्धतीने आधीच वाचून टाकलेल्या असू शकतात. ती पायरी आधी काढा. पुष्कळ जण ती तशीच ठेवून पुढची पायरी करतात आणि मग उपाय लागू पडला नाही म्हणतात. ती काढल्यावर तारखेच्या स्तंभाच्या शीर्षकाजवळच्या चिन्हावर क्लिक करून `Using Locale...` निवडा, प्रकार `Date` आणि लोकेल `English (India)` द्या. रकमेच्या स्तंभालाही संख्येचा प्रकार द्या, कारण काढलेल्या पायरीबरोबर तोही गेलेला असतो. मग `Close & Load`.

ऑफिसच्या लॅपटॉपवर सेटिंग बदलण्याची परवानगी असेल तर विंडोजमध्ये प्रादेशिक फॉरमॅट `English (India)` करून, एक्सेल बंद करून पुन्हा उघडून, मूळ सीएसव्ही नव्याने उघडता येते. आधीच उलटून सेव्ह झालेली शीट मात्र या बदलाने सुधारत नाही. तिच्यात ४ मेचा क्रमांक पक्का बसलेला असतो. सेटिंग बदलल्यावर तो फक्त `04-05-2021` असा दिसायला लागतो.

मूळ फाइल हरवली आहे आणि हातात फक्त बिघडलेली शीट आहे, अशी वेळ आली तर सूत्राने दिवस आणि महिना परत जागेवर आणता येतात. C स्तंभात:

```
=IF(ISNUMBER(A2),
 DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

पेशीत खरी तारीख असेल तर हे सूत्र दिवस आणि महिन्याची अदलाबदल करतं. मजकूर असेल तर त्यातले तुकडे योग्य क्रमाने जोडतं. अट एकच: मजकूर दोन अंकी दिवस, दोन अंकी महिना, चार अंकी वर्ष असा असावा, पुढेमागे मोकळी जागा नसावी. आणि हाताने बरोबर टाइप केलेल्या ओळीवर हे सूत्र चालवू नका. शेवटच्या ओळीत `31-Mar-2025` आधीच बरोबर असेल तर सूत्र तिचा एकतिसावा महिना करायला जातं आणि ३ जुलै २०२७ ही तारीख काढून देतं, तीही एरर न देता. ती ओळ C स्तंभात थेट लिहा. मग एक्सआयआरआरला A ऐवजी C द्या.

काम झाल्यावर शीट `.xlsx` म्हणूनच सेव्ह करा. त्यात तारखा क्रमांकांनी साठतात, त्यामुळे ती फाइल घरी उघडा की ऑफिसात, दिसण्याचा क्रम बदलेल पण तारीख बदलणार नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवरून पुन्हा सीएसव्ही करून घरी पाठवली तर तोच घोळ उलट दिशेने होतो.

उत्तर ०.०० टक्के येतं तेव्हा

तारखा बरोबर आहेत, चिन्हं बरोबर आहेत, तरी शून्य टक्के. फंड तोट्यात असताना हे विशेषकरून दिसतं. त्या पेशीचा फॉरमॅट `General` करून पाहा. `2.98023E-09` असं काही दिसलं तर ते उत्तर नाही. एक्सेलला दर सापडला नाही आणि त्याने एरर न देता हा जवळपास शून्य आकडा पुढे केला, असा त्याचा अर्थ.

याची पारख एका बेरजेत होते. दर शून्य असेल तर काळाला काही किंमतच उरत नाही, म्हणजे सगळ्या रकमांची साधी बेरीज शून्य असायला हवी. `=SUM(B2:B7)` करून पाहा. बेरीज शून्याच्या आसपास नसेल तर शून्य टक्के हे उत्तर असूच शकत नाही. आपल्या उदाहरणात बेरीज १,४०,००० आहे. बेरीज ठळकपणे उणे असेल तर तोटा झाला आहे आणि दर उणे यायला हवा.

एक्सेल हा दर एका अंदाजापासून सुरुवात करून शोधतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर अंदाज १० टक्के धरतं, आणि शंभर प्रयत्नांत जमलं नाही तर सोडून देतं. खरा दर उणे असताना १० टक्क्यांपासून निघालेला शोध भरकटू शकतो. म्हणून तिसरा आकडा आपण द्यायचा:

```
=XIRR(B2:B7,A2:A7,-0.1)
```

तेवढ्याने नाही सुटलं तर `-0.3` द्या, मग `-0.5`. अंधारात चाचपडायचं नसेल तर ही रीत वापरा. E2 मध्ये एखादा दर लिहा, उदाहरणार्थ `12%`, आणि E3 मध्ये:

```
=SUMPRODUCT(B2:B7/(1+E2)^((A2:A7-A2)/365))
```

आपल्या शीटवर १२ टक्क्यांना हे साधारण ४,२३० दाखवतं आणि १४ टक्क्यांना साधारण उणे ११,६५०. म्हणजे अधिकचं उणे कुठेतरी या दोहोंच्या मध्ये होतं, आणि १२ च्या जास्त जवळ. खरा दर तिथेच आहे. तोट्याच्या शीटवर उणे ५, उणे १०, उणे २० टक्के असे दर घालून चिन्ह कुठे बदलतं ते पाहा आणि तिथला आकडा अंदाज म्हणून द्या. एक्सआयआरआर तरीही हटून बसला तर `Data` टॅबमधल्या `What-If Analysis` खालचं `Goal Seek` वापरून E3 शून्य होईल असा E2 काढता येतो. याच कामासाठी `XNPV` नावाचं तयार फंक्शन आहे, पण उणे दर दिला की ते एरर देऊ शकतं. वरचं सूत्र उणे दरालाही चालतं.

मिळालेला एक्सआयआरआर E2 मध्ये टाकून E3 शून्याजवळ येतो का हे पाहण्याची सवय चांगली आहे. पण ही तपासणी फक्त गणित सुटलं का ते सांगते. उलटलेल्या तारखांवर १३.०६ टाकलं तर तिथेही E3 शून्याजवळच येईल. तारखांची तपासणी वेगळीच करावी लागते.

योजनानिहाय दर काढताना येणारी अडचण

एकाच शीटमध्ये तीन-चार योजनांच्या नोंदी आहेत, C स्तंभात योजनेचं नाव आहे, आणि प्रत्येकीचा दर वेगळा हवा आहे. यासाठी सर्रास असं सूत्र लिहिलं जातं, ज्यात F1 मधल्या योजनेच्या रकमा तशाच ठेवून बाकीच्यांच्या जागी शून्य येतो:

```
=XIRR(IF(C2:C50=F1,B2:B50,0),A2:A50)
```

शीटमधली पहिली नोंद ज्या योजनेची असेल तिचा दर बरोबर येतो. बाकीच्यांना `#NUM!` येतं किंवा वर सांगितलेला खोटा शून्य येतो. कारण त्यांच्या बाबतीत पहिली रक्कम शून्य होते, आणि एक्सेलच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये एक्सआयआरआर पहिली रक्कम शून्य असली की कोलमडतो. मधल्या शून्यांचा त्याला त्रास नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर शून्य भरण्याऐवजी त्या ओळीच गाळून टाका:

```
=XIRR(FILTER(B2:B50,C2:C50=F1),
 FILTER(A2:A50,C2:C50=F1))
```

जुनी आवृत्ती असेल तर योजनेप्रमाणे आणि मग तारखेप्रमाणे क्रम लावून प्रत्येक योजनेला तिचीच रेंज द्या. क्रम लावायचा कारण एक्सआयआरआरला सर्वात जुनी तारीख पहिल्या ओळीत लागते. नंतरच्या ओळी मागेपुढे झाल्या तरी चालतात, पण एखादी तारीख पहिलीच्या आधीची निघाली की `#NUM!`. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असल्या तरीही हाच एरर येतो.

आणि सगळ्या गुंतवणुकीचा मिळून दर हवा असेल तर योजनांच्या दरांची सरासरी काढू नका. सगळ्या ओळी एकत्र घेऊन एकदाच एक्सआयआरआर काढा.

कोणती ओळ धरायची, कोणती नाही

नियम एकच ठेवावा: बँकेच्या खात्यातून गेलं किंवा खात्यात आलं तेच धरायचं. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, त्यामुळे फंडाच्या स्टेटमेंटमध्ये एक लाखाऐवजी पाचेक रुपये कमी दिसतात. खात्यातून एक लाख गेले, म्हणून एक लाखच लिहायचे. विक्रीवर एक्झिट लोड कापला गेला असेल तर कापून हातात आलेली रक्कम लिहायची.

लाभांश खात्यात जमा झाला तर त्या तारखेची अधिक ओळ येते. लाभांश फंडातच पुन्हा गुंतला असेल तर ओळ लिहायची नाही, कारण वाढलेली युनिट्स शेवटच्या मूल्यात आलेलीच असतात. ती वेगळी लिहिली तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. एका योजनेतून दुसरीत स्विच केलं असेल तर एकत्रित दरासाठी काहीच लिहायचं नाही. योजनानिहाय दर काढताना मात्र पहिलीत अधिक आणि दुसरीत उणे अशा दोन ओळी हव्यात.

आकडा बरोबर असूनही फसवतो तो प्रसंग

गेल्या महिन्यात एक लाख घातले आणि तीस दिवसांत त्याचे १,०४,००० झाले. एक्सआयआरआर ६१.१५ टक्के दाखवतो. सूत्र चुकलेलं नाही. महिन्याला ४ टक्के हा वेग वर्षभर टिकला तर काय होईल, तेच ते सांगतं. तोट्यातही हेच होतं. १ सप्टेंबर २०२४ ला घातलेल्या एका लाखाचे ३१ मार्च २०२५ ला ९०,००० उरले असतील तर तोटा १० टक्के आहे, पण एक्सआयआरआर उणे १६.६६ दाखवतो. सगळा पैसा वर्षाच्या आत घातलेला असेल तर एक्सआयआरआर बाजूला ठेवा आणि किती टक्के वाढ किंवा घट झाली एवढंच सांगा.

मुदत ठेवीशी तुलना करतानाही एक छोटी दुरुस्ती लागते. एक्सआयआरआर हा वर्षाचा परिणामी दर असतो, तर बँका बहुधा व्याज तिमाहीला चक्रवाढीने धरतात. म्हणून ७ टक्क्यांची अशी ठेव एक्सआयआरआरच्या भाषेत ७.१९ टक्के होते. १२.५१ शेजारी ठेवायचा आकडा ७ नसून ७.१९ आहे. दोन्ही आकडे करापूर्वीचे आहेत. करानंतरचा दर हवा असेल तर शेवटच्या ओळीत ४,००,००० ऐवजी कर वजा करून उरणारी रक्कम लिहा आणि तेच सूत्र पुन्हा चालवा. आधी काढलेल्या पैशांवर कर भरला असेल तर तो ज्या तारखेला भरला त्या तारखेची उणे ओळही घाला.